आई-बाबांना पत्र

14 डिसेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, सुट्टीत तुम्ही विचारलंत, “इंजिनिअरिंग सोडून हे का?” तेव्हा माझ्याकडून नीट उत्तर आलं नाही. आज लिहितो.

ऑगस्ट 2019 आठवा. कृष्णेचं पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर, आपण गच्चीत, आजीचा ताप उतरत नव्हता. मग लष्कराची बोट आली. त्या जवानाने आजीला पाठुंगळी घेतलं आणि म्हणाला, “आजी, घट्ट धरा.” मराठीत! आजीने त्याचं गाव विचारलं. “कोरेगाव तालुका,” एवढंच बोलून तो पुढच्या घराकडे वळला. त्याचं नावही आपल्याला कळलं नाही. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. खडकवासल्याचा अर्ज मी त्या दिवसामुळे भरला.

डेहराडूनला ‘अंतिम पग’ ओलांडताना मला तोच आठवत होता. आता माझ्या हाताखाली तीस जवान आहेत, काही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांच्या घरीही कुणी वाट बघतंय, हे मला रात्री झोपताना जाणवतं.

आई, तू रडलीस ते मी विसरलेलो नाही. तिळगूळ पाठव, पलटणीला पुरेल एवढा.

तुमचा,
समीर