खटक्यावर बोट, लिफ्ट जाग्यावर!

(लिफ्टची वाट बघत सुचलं. पत्ता : बी विंग, चौथा मजला. तूर्त मुक्काम तळमजला.)

पंचगंगेला किती चढलं? पुसतो रोज सकाळी गाव,
३९ फुटांवर इशारा, ४३ ला धोका, राव!
बंधाऱ्याचं बंधाऱ्यावर, आमचं गणित पार्किंगात,
दुचाकीच्या सीटवर बेडूक, थेट चेअरमनच्या थाटात.

जयंती नाला फुगला की तो पाहुणा येतो आमच्या दारी,
जाताना घालून जातो पायात माझी करकर कोल्हापुरी.

उपसायाला मोटर घेतली, ठराव झाला एकमतानं,
नेमकी तीच बुडून बसली पहिल्या सरीत इमानानं.
ती उपसाया दुसरी मोटर घ्यावी म्हणतात सेक्रेटरी,
घरटी वर्गणी ठरलीसुद्धा, पहिली अजून पाण्यात जरी.

'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी', ही कोल्हापूरची रीत जुनी,
आम्ही खटक्यावर बोट ठेवलं, लिफ्ट जाग्यावर ढिम्म मुनी.
मेकॅनिक आला, खड्ड्यात वाकला, बॅटरी मारून म्हणला, "देवा!
लिफ्टच्या खाली मासे पोहतात, आधी पाणी उपसून ठेवा."
म्हटलं, "उपसाया मोटर कुठाय? ती तर खाली बुडली की!"
"येतो मग गणपतीनंतर," म्हणत गाडीला किक मारली की.

'उद्वाहन तूर्त बंद आहे', नोटीस लागली दारावर,
मावशी हळहळून पुसत्यात, "वारले? कितव्या मजल्यावर?"

चौथ्यावरनं आजी सोडते दोरीला बांधून पिशवी खाली,
अर्धा लिटर दूध नि अंडी, कोथिंबीर तेवढी वर आली!
(मधल्या एका मजल्यावर त्या रात्री बुर्जीचा वास सुटला होता. मी नाव घेत नाही.)

रविवारी रस्सा ओरपून बसलो, तांबडा दोन, पांढरा तीन,
आठवलं, किल्ली गाडीलाच की! ७२ पायऱ्या, आला शीण.
धापा टाकत वर पोचलो, ही उभी होती दारात,
म्हणली, "अहो, कढीपत्ता! राहिला बघा बाजारात."

राधानगरीचे सात दरवाजे पाणी चढलं की उघडतात,
आपले आपण, कुणी न सांगता. लिफ्टचं दार चौघं ओढतात.
ओढलं, ओढलं, उघडलं एकदा, चौथ्यावर ते सताड झालं,
आता मिटवाया पुन्हा चौघं, एकाचं कंबरडं धरून आलं.

दिवसा मुनी, पण रात्री आतली बाई होते जागी जरा,
खाली बेडूक डराव म्हणतो, ही वरनं, "दार बंद करा!"