हॅशिंग आणि पासवर्ड: संगणक मंडळाची शनिवारची प्रश्नमंजूषा

आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी. चौघांचा एक गट. प्रत्येक प्रश्न दोनदा मोठ्याने वाचायचा, मग एक मिनिट विचाराला. बरोबर उत्तराला एक गुण आणि कारण नीट सांगितलं तर आणखी एक. दुसऱ्या, तिसऱ्या, आठव्या आणि दहाव्या प्रश्नासाठी प्रयोगशाळेतल्या संगणकांवर पायथन उघडून ठेवा. कारणाच्या गुणात कंजुषी करू नका, पण निव्वळ ठोकून दिलेल्या उत्तराला तो देऊ नका.

प्रश्न १. एका साइटवर तुम्ही "पासवर्ड विसरलो" हे बटण दाबलंत. दोन मिनिटांत ईमेल आला आणि त्यात तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला होता. यावरून त्या साइटबद्दल काय कळतं?

उत्तर: ती साइट तुमचा पासवर्ड एकतर सरळ लिहून ठेवते किंवा पुन्हा उलगडता येईल अशा रूपात ठेवते. दोन्ही वाईट. चांगली साइट पासवर्ड साठवतच नाही, त्याचा हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने पासवर्डवरून काढलेली चिन्हांची ओळ, साठवते. तुम्ही लॉगिन करता तेव्हा टाइप केलेल्या पासवर्डचा हॅश पुन्हा काढला जातो आणि साठवलेल्या हॅशशी ताडून पाहिला जातो. हॅशवरून मागे पासवर्डकडे जाण्याची वाटच नसते, म्हणून अशी साइट तुम्हाला जुना पासवर्ड सांगू शकत नाही, फक्त नवीन ठेवायला सांगते. इथेच एन्क्रिप्शन वेगळं पडतं: तिथे किल्ली असली की मूळ मजकूर परत मिळतो, हॅशला किल्लीच नसते. "हॅश म्हणजे एन्क्रिप्ट केलेला पासवर्ड" असं उत्तर आलं तर गुण देऊ नका. ही गफलत आजच दूर झालेली बरी.

प्रश्न २. खालच्या दोन ओळी चालवा. उत्तरात किती अक्षरं आली? आणि `hello` च्या जागी तुमचं विज्ञानाचं अख्खं पुस्तक दिलं तर किती येतील?

```python
import hashlib
print(hashlib.sha256("hello".encode()).hexdigest())
```

उत्तर: दोन्ही वेळा ६४. शा-२५६ या हॅश काढायच्या पद्धतीचं उत्तर नेहमी २५६ बिटांचं असतं. सोळा चिन्हांच्या लिखाणात, म्हणजे 0 ते 9 आणि a ते f, एक चिन्ह चार बिटांचं, म्हणून २५६ भागिले ४.

प्रश्न ३. आता `hello` मधला पहिला `h` कॅपिटल करा आणि पुन्हा चालवा. दोन्ही उत्तरं एकाखाली एक लिहा. ६४ पैकी किती जागांवर तेच चिन्ह राहिलं? आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं.

उत्तर: फक्त तीन जागांवर. सहाव्या, सातव्या आणि छत्तिसाव्या. पडद्यावर हे दिसलं पाहिजे:

```
hello  2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824
Hello  185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

बहुतेक गट "साठ तरी तशीच राहतील" असं लिहितात, म्हणून हा प्रश्न घाईत उरकू नका. बोट ठेवून एकेक चिन्ह मोजू द्या. जुळलेली तीनही योगायोगाने जुळली आहेत: सोळा चिन्हांपैकी एखादं तेच येण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे ६४ जागांत सरासरी चार जुळायचीच. मजकुरात एका अक्षराचा फरक पडला की सगळा हॅश बदलतो, त्यामुळे "माझा अंदाज खऱ्या पासवर्डच्या जवळपास आहे" हे हॅशकडे बघून चोराला कधीच कळत नाही. जवळपास असा प्रकारच तिथे नाही.

प्रश्न ४. एका फुटलेल्या यादीत एमडी५ या दुसऱ्या पद्धतीने काढलेला हा हॅश सापडला: `5f4dcc3b5aa765d61d8327deb882cf99`. हॅश उलटा फिरवता येत नाही, तरी ज्याला सवय आहे तो याचा पासवर्ड नुसता बघून सांगतो. पासवर्ड कोणता आणि तो कळला कसा?

उत्तर: `password`. हॅश कोणी उलटा फिरवला नाही. लोक नेहमी ठेवतात त्या पासवर्डांची यादी घ्यायची, प्रत्येकाचा हॅश काढायचा आणि जुळतो का बघायचं. अशा याद्या खऱ्या चोऱ्यांतून तयार झाल्या. २००९ साली रॉकयू या कंपनीकडून तीन कोटींहून जास्त पासवर्ड बाहेर पडले, तेही हॅश न करता सरळ लिहून ठेवलेले. त्यात सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता `123456`.

प्रश्न ५. शाळेच्या यंत्रणेत दोन मुलांनी योगायोगाने एकच पासवर्ड ठेवला. दोघांचे साठवलेले हॅश सारखे दिसतील का? दिसू नयेत म्हणून काय करतात?

उत्तर: नुसता हॅश साठवला तर तंतोतंत सारखे दिसतील, आणि यादी हाती लागलेल्याला एक पासवर्ड सापडला की दुसरा फुकट मिळेल. म्हणून प्रत्येकाच्या पासवर्डला आधी एक वेगळा, यादृच्छिक तुकडा जोडतात आणि मग हॅश काढतात. या तुकड्याला सॉल्ट म्हणतात. सॉल्ट हॅशच्या शेजारीच उघडा लिहिलेला असतो. तो गुपित नसतो, हे ज्या गटाने सांगितलं त्याला कारणाचा गुण नक्की द्या. त्याचं काम एवढंच की चोराने आधीपासून करून ठेवलेले तक्ते निरुपयोगी व्हावेत आणि प्रत्येक खात्यासाठी त्याला सगळी मेहनत नव्याने करावी लागावी.

ही युक्ती जुनी आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या पासवर्डांविषयी १९७९ मध्ये लिहिलं, तेव्हा त्यात १२ बिटांचा सॉल्ट होता, म्हणजे ४०९६ पर्याय. असं असूनही २०१२ मध्ये लिंक्डइनचे लाखो हॅश बाहेर आले ते सॉल्टशिवाय होते. तेहतीस वर्षं आधी छापून आलेला उपाय एवढ्या मोठ्या कंपनीने वापरला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न ६. एक ॲप म्हणतं, "आम्ही तुमचा मोबाइल नंबर साठवत नाही, फक्त त्याचा शा-२५६ हॅश साठवतो, त्यामुळे तुमचा नंबर कोणालाच कळणार नाही." पटतं का? आकडे मांडून सांगा.

उत्तर: पटू नये. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. पहिल्या आकड्याला चार पर्याय आणि उरलेल्या नऊ आकड्यांना प्रत्येकी दहा, म्हणजे एकूण ४०० कोटी. साध्या लॅपटॉपवर नीट लिहिलेला प्रोग्रॅम सेकंदाला दहा लाख हॅश सहज काढतो. मग सगळे नंबर संपायला ४००० सेकंद, म्हणजे साधारण एक तास सात मिनिटं. हॅश कितीही मजबूत असला तरी आत जाणाऱ्या गोष्टीचे पर्यायच मोजके असतील तर तो काही लपवू शकत नाही. हाच हिशोब जन्मतारखेला लावून बघायला सांगा: शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजारांच्या आसपास. जन्मतारखेचा पासवर्ड ठेवणाऱ्यांनी आज घरी गेल्यावर तो बदलावा, हे मी आग्रहाने सांगतो.

प्रश्न ७. पासवर्डसाठी हॅश काढणारी पद्धत वेगवान हवी की संथ?

उत्तर: मुद्दाम संथ. तुम्ही दिवसातून दोन-चारदा लॉगिन करता, पाव सेकंद गेला तर कळतही नाही. चोराला मात्र लाखो अंदाज तपासायचे असतात. सेकंदाला दहा लाख हॅश निघत असतील तर दहा लाख अंदाज एका सेकंदात संपतात. एका हॅशला पाव सेकंद लागला तर तेच काम जवळपास तीन दिवस चालतं. यासाठीच १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी बीक्रिप्ट मांडलं. त्यात खर्चाचा एक आकडा असतो आणि तो एकाने वाढवला की काम दुप्पट होतं, म्हणजे संगणक वेगवान होत गेले की आकडा वाढवायचा. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेत आर्गॉन२ पहिलं आलं. ते वेळेबरोबर मेमरीही भरपूर खातं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डं लावून हल्ला करणं महाग पडतं.

प्रश्न ८. दोन पासवर्ड, दोन्ही यादृच्छिक निवडलेले. पहिला: कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांपैकी कोणतीही ८. दुसरा: फक्त छोटी इंग्रजी अक्षरं, पण १२. कोणता शोधायला जास्त अवघड?

उत्तर: दुसरा, सुमारे चौदा पटीने. `95**8` आणि `26**12` पायथनमध्ये काढून दाखवा. पहिलं सहा हजार सहाशे लाख कोटींच्या घरात येतं, तर दुसरं पंच्याण्णव हजार लाख कोटींच्या पुढे. मात्र "यादृच्छिक" हा शब्द विसरू नका. बारा अक्षरांचं आवडत्या खेळाडूचं नाव या हिशोबात बसत नाही.

प्रश्न ९. दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच येऊ शकतो का?

उत्तर: येऊ शकतो. मजकूर अगणित आणि उत्तरं मोजकी, त्यामुळे कुठेतरी टक्कर होणारच. प्रश्न एवढाच की ती कोणाला शोधून काढता येते का. एमडी५ ची टक्कर २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवली. शा-१ ची फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी, वेगळा मजकूर असलेल्या दोन पीडीएफ फाइली देऊन. शा-२५६ ची अजून कोणी दाखवलेली नाही.

प्रश्न १०. हा आपल्या भाषेतला, म्हणून शेवटी ठेवला. "दऱ्या" मधला ऱ घ्या आणि हे चालवा. पहिल्या ओळीत काय दिसतं? हॅश सारखे येतात का? का?

```python
import hashlib
a = "\u0931"
b = "\u0930\u093c"
print(a, b, a == b)
print(hashlib.sha256(a.encode()).hexdigest())
print(hashlib.sha256(b.encode()).hexdigest())
```

उत्तर: पडद्यावर दोन्ही अक्षरं एकसारखी, पण शेजारी `False`, आणि हॅश पूर्ण वेगळे. युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर त्याचं स्वतःचं एक चिन्ह, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता. पहिला तीन बाइटांचा, दुसरा सहा. हॅश बाइट बघतो, अक्षराचा आकार त्याला दिसत नाही. म्हणजे कोणी देवनागरीत पासवर्ड ठेवला आणि फोनचा कीबोर्ड एका प्रकारे, शाळेतला दुसऱ्या प्रकारे ऱ लिहीत असेल, तर पासवर्ड अचूक टाइप करूनही दार उघडणार नाही. उपाय आहे: हॅश काढण्याआधी मजकूर एकाच ठरलेल्या रूपात आणायचा. वरच्या कोडखाली या दोन ओळी जोडा, आता `True` येईल:

```python
import unicodedata
print(unicodedata.normalize("NFC", b) == a)
```

ज्या गटाला ही दुरुस्ती न सांगता सुचली, त्याला दोन गुण जास्त.