क्लोजर ट्रॅकर: आयएसओ ९००१:२०१५, दुसरे सर्व्हेलन्स ऑडिट, युनिट २, चाकण

आवृत्ती १, २० मार्च २०२५
प्रति: सर्व विभागप्रमुख, युनिट २. प्रत: प्लँट हेड
प्रेषक: मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह (एमआर)

११ आणि १२ मार्चला झालेल्या ऑडिटचा रिपोर्ट सोमवारी हातात आला. त्यातली प्रत्येक एनसी, प्रत्येक निरीक्षण आणि मधल्या मजकुरात दडलेल्या दोन गोष्टी वेगळ्या काढून हा ट्रॅकर केला आहे. रिपोर्टच्या सारांशात सात नोंदी आहेत, इथे दहा ओळी दिसतील. एका एनसीत दोन वेगळे दोष एकत्र लिहिले होते, ते मी सोडवले. पान ९ आणि ११ वर ऑडिटरने एनसी न देता जे लिहून ठेवले आहे, तेही घेतले. पुढच्या वर्षी येणारा ऑडिटर हाच रिपोर्ट आधी वाचून येतो, त्यामुळे ते वाक्य तेव्हा एनसी होऊन समोर येईल.

ऑडिटरचे नंबर बदललेले नाहीत. 'काय आढळले' हा भाग रिपोर्टप्रमाणेच आहे. माझी भर जिथे आहे तिथे तसे लिहिले आहे.

मुदती रिपोर्टच्या पान ३ वर आहेत आणि ऑडिटच्या शेवटच्या दिवसापासून मोजायच्या आहेत. मेजरचे पुरावे ६० दिवसांत, म्हणजे ११ मेपर्यंत. तो रविवार आहे, म्हणून आपली तारीख २ मे. मायनरचे कारण आणि योजना ११ एप्रिलपर्यंत, पुरावे १० जूनपर्यंत. सर्व मायनरची कारणे माझ्याकडे ४ एप्रिलला हवीत. मध्ये पाडवा आहे आणि ३१ मार्चला स्टॉकटेकिंग, हे गृहीत धरूनच तारखा टाकल्या आहेत.

| क्र. | रिपोर्ट पान | कलम | प्रकार | जबाबदार | पुराव्याची तारीख | स्थिती |
|---|---|---|---|---|---|---|
| ०१ | ६ | ७.१.५.२ | मेजर | क्वालिटी लॅब प्रमुख | २ मे | सुरू |
| ०२ | ७ | ८.७.१ | मायनर | सीएनसी शॉप मॅनेजर | २५ एप्रिल | सुरू |
| ०३अ | ८ | ८.४.१ | मायनर | परचेस प्रमुख | ३० मे | सुरू |
| ०३ब | ८ | ८.४.३ | मायनर | परचेस आणि इंजिनिअरिंग | १७ एप्रिल | सुरू |
| ०४ | ८ | ७.५.३.२ | मायनर | इंजिनिअरिंग प्रमुख | १७ एप्रिल | सुरू |
| ०५ | १० | ९.३.२ | मायनर | एमआर | ३० एप्रिल | सुरू |
| नि-१ | १२ | ४.१ | निरीक्षण | एमआर | ३० एप्रिल | सुरू |
| नि-२ | १२ | ८.५.४ | निरीक्षण | डिस्पॅच प्रमुख | २५ एप्रिल | सुरू |
| अं-१ | ९ | ७.२ | मजकुरातून | एचआर आणि सीएनसी शॉप | ३० एप्रिल | सुरू |
| अं-२ | ११ | १०.२.१ | मजकुरातून | क्वालिटी प्रमुख | १६ मे | सुरू |

शेअर्ड फोल्डरमधल्या शीटमध्ये स्थितीचा रकाना हाताने भरायचा नाही. एफ म्हणजे पुराव्याची तारीख, जी म्हणजे मी पुरावा पाहून बंद केल्याची तारीख:

```
=IF(G2<>"","बंद",IF(TODAY()>F2,"मुदत गेली","सुरू"))
```

जी रकाना फक्त माझ्याकडे खुला आहे. काम झाले की फोल्डरमध्ये पुरावा टाका आणि मला कळवा.

०१. मेजर. कॅलिब्रेशन

काय आढळले: सीएनसी लाइन ३ वर क्लच हबचा ४२ एच७ बोअर तपासायला बोअर गेज बीजी-०७ रोज वापरात होता. त्याची कॅलिब्रेशनची मुदत ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली होती. ज्या सेटिंग रिंगवर (एसआर-०४) हा गेज शून्य केला जातो, तिच्या १८ जून २०२४ च्या प्रमाणपत्रात मोजलेले माप ४२.००४ आहे. आपल्या यादीप्रमाणे रिंगला ४२.००० पासून जास्तीत जास्त २ मायक्रॉन फरक चालतो. तरीही रिंगवर 'ओके' स्टिकर होते. मागच्या सर्व्हेलन्समध्ये याच कलमावर मायक्रोमीटरसाठी मायनर आली होती, ती आपण ट्रेनिंगची हजेरी जोडून बंद केली. पुन्हा तेच आढळल्यामुळे या वेळी मेजर.

आता माझी भर. रिपोर्टमध्ये ३० नोव्हेंबरनंतरचे लॉट तपासा असे म्हटले आहे. ते पुरेसे नाही. गेजची मुदत संपणे हा कागदाचा दोष आहे, रिंग ४ मायक्रॉनने मोठी असणे हा मापाचा दोष आहे. रिंग मोठी असेल तर तिच्यावर शून्य केलेला गेज प्रत्येक बोअर ४ मायक्रॉन लहान दाखवतो. आपली मर्यादा ४२.००० ते ४२.०२५. म्हणजे शीटवर ४२.०२२ ते ४२.०२५ असे लिहिलेला प्रत्येक हब प्रत्यक्षात ४२.०२६ ते ४२.०२९ असू शकतो, आणि तो आपण पास करून पाठवला असेल. याआधीचे चांगले प्रमाणपत्र २० जून २०२३ चे आहे, त्यात रिंग ४२.००१ होती. रिंग झिजत हळूहळू मोठी झाली असणार, नेमकी कधी मर्यादेबाहेर गेली ते सांगता येत नाही. म्हणून शोध २० जून २०२३ पासून घ्यायचा. आधीची मापे ग्राह्य राहतात का हे ठरवायला कलम ७.१.५.२ सांगते, ते हेच.

तातडीची दुरुस्ती: बीजी-०७ आणि एसआर-०४ लाइनवरून काढले, लाल टॅग लावून लॅबमध्ये ठेवले (१२ मार्च, झाले). लाइनला स्पेअर गेज आणि वैध प्रमाणपत्र असलेली रिंग दिली (१२ मार्च, झाले). गोदामातल्या तयार हबचे बोअर एअर गेजवर पुन्हा तपासणे सुरू आहे, २६ मार्चपर्यंत पूर्ण करायचे. लाइन ३ च्या सर्व इन्स्पेक्शन शीटमधून ४२.०२१ च्या वरची रीडिंग लॉट नंबरसह काढायची, ४ एप्रिल. कंट्रोल प्लॅनप्रमाणे २५ मधला एकच हब मोजला जातो. म्हणून एखाद्या लॉटमध्ये असे एक जरी रीडिंग सापडले तर तो पूर्ण लॉट संशयित धरायचा. ग्राहकाला कळवायचे की नाही हा प्रश्न मी खुला ठेवत नाही. संशयित लॉट बाहेर गेलेला दिसला की त्याच दिवशी मी आणि प्लँट हेड कळवू.

कारण: लॅबकडून आलेला पहिला मसुदा 'ऑपरेटरने स्टिकर पाहिले नाही' असा होता. तो परत पाठवला आहे. रिंगवर स्टिकर होते आणि त्यावर 'ओके' होते; ऑपरेटरने ते पाहूनही काही वेगळे घडले नसते. प्रमाणपत्र आल्यावर आकडा मर्यादेशी ताडून पाहायचे काम आपल्या कार्यपद्धतीत कोणाच्याच नावावर नाही. प्रमाणपत्र आले की फाइल, फाइल झाली की स्टिकर. आणि मुदत संपणाऱ्या गेजची यादी लॅबमध्ये निघते, पण लाइनवरून गेज परत मागवायचा अधिकार लॅबला नाही. ही दोन कारणे मला दिसतात. लॅब प्रमुखांनी स्वतः तपासून ५ का मांडावेत. तिसरे सापडले तर तेही घ्यावे.

कायमची कृती: गेज यादीत 'मान्य फरक' आणि 'प्रमाणपत्रातला फरक' असे दोन रकाने, त्यांची तुलना झाल्याशिवाय आणि लॅब प्रमुखांची सही असल्याशिवाय स्टिकर नाही. मुदतीच्या सात दिवस आधी लॅब गेज परत मागवेल, न आल्यास लाइनचा फर्स्ट पीस मंजूर होणार नाही. तिन्ही लाइनवरचे सर्व गेज आणि रिंग यांची जुनी प्रमाणपत्रे या नव्या रकान्यांतून पुन्हा तपासायची.

बंद करायला लागणारे पुरावे: एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचे गेज आणि नव्या रिंगचे प्रमाणपत्र, रीडिंगच्या शोधाचा तक्ता, एअर गेजचे निकाल, सुधारित कार्यपद्धती, भरलेली यादी. ट्रेनिंगची हजेरी जोडली तर चालेल, पण तिच्यावर ही ओळ बंद होणार नाही. परिणामकारकता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी लाइनवर जाऊन तपासेन.

०२. रीवर्क

लाल बिनमध्ये ३६ हब विनाटॅग, बिनला कुलूप नाही. रीवर्क झालेल्या दोन लॉटची फेरतपासणी नोंदलेली नाही. टॅग आणि कुलूप त्याच दिवशी झाले, पण ती फक्त दुरुस्ती. फेरतपासणी का राहिली याचे उत्तर हवे: रीवर्क कार्डावर त्यासाठी जागाच नाही, असे सेटर सांगतात. तसे असेल तर कार्ड बदला. पुरावा म्हणून नव्या कार्डावरचे सलग पाच लॉट.

०३अ आणि ०३ब. हीट ट्रीटमेंटचा पुरवठादार

अ: पुरवठादाराचे शेवटचे मूल्यमापन २०२२ मधले, आपली कार्यपद्धती दरवर्षी म्हणते. भेट देऊन मूल्यमापन करायचे आहे, म्हणून ३० मे. यादीतल्या बाकी पुरवठादारांचीही तारीख तपासा, एकटा हाच राहिला असेल असे मला वाटत नाही.

ब: परचेस ऑर्डरवर 'केस हार्डनिंग, ड्रॉइंगप्रमाणे' एवढेच आहे, ड्रॉइंगचे रिव्हिजन नाही, केस डेप्थ नाही. इंजिनिअरिंगने केस डेप्थ, पृष्ठभागाची हार्डनेस आणि रिव्हिजन लिहून द्यायचे, परचेसने ते ऑर्डरच्या फॉर्मॅटमध्ये घालायचे. यातली कारणे वेगळी आहेत, म्हणून एकाच उत्तरात गुंडाळू नका.

०४. जुने ड्रॉइंग

मशीन ११ वर ब्रॅकेटचे रिव्हिजन सी, चालू रिव्हिजन डी. सुदैवाने बदल फक्त चॅम्फरच्या टिपेत होता, तरी तसे लेखी दाखवा. जुनी प्रत परत घेतल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा नियम आधीच आहे. तो का पाळला गेला नाही, ते लिहा.

०५ आणि नि-१. व्यवस्थापन आढावा

दोन्ही माझ्याकडे. आढाव्याच्या मिनिट्समध्ये पुरवठादारांच्या कामगिरीचा मुद्दा नाही. आयएसओच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार हवामानबदल आपल्याला लागू आहे का, हा विचारही नोंदलेला नाही. २२ एप्रिलला विशेष आढावा घेतो.

नि-२. तयार भागांवर रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल लावल्याची नोंद फक्त पहिल्या शिफ्टची. पावसाळ्याआधी तिन्ही शिफ्टची सुरू करा.

अं-१. पान ९: रात्रपाळीच्या सेटरच्या कौशल्याचा पुरावा 'त्या वेळी दाखवता आला नाही'. स्किल मॅट्रिक्स अद्ययावत करताना प्रत्यक्ष सेटिंग पाहून गुण द्या, मागच्या वर्षीचे उतरवू नका.

अं-२. पान ११: पाचपैकी तीन ग्राहक तक्रारींचे ८डी परिणामकारकता न तपासता बंद. ते तिन्ही मी आज पुन्हा उघडले आहेत. ०१ ज्या वाटेने मेजर झाली तीच ही वाट आहे, म्हणून ऑडिटरने मागितले नसले तरी ही ओळ मायनरइतकीच गंभीर धरा.

पहिली आढावा बैठक शुक्रवार, २८ मार्च, दुपारी ३ वाजता, क्वालिटी लॅबमध्ये. लॅब प्रमुखांनी एअर गेजचे निकाल आणि तोवर शोधलेली रीडिंग आणावीत. ०२ ते ०४ च्या प्रमुखांनी कारणांचा मसुदा आणावा, अर्धवट असला तरी चालेल.