सगळ्यांच्या मागे जेवणारी

११ मे २०२५, रविवार

धुळ्याहून सकाळच्या एसटीनं गावी आलो. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकून घ्यायची, म्हणून मागच्या खोलीतलं सामान काढत होतो. मायच्या पत्र्याच्या पेटीत दोन लुगडी, बाबांचे सातबाऱ्याचे कागद आणि त्याखाली खाकी कव्हर घातलेली ‘श्यामची आई’ निघाली. सहावीत निबंधाच्या बक्षिसात मिळालेली. कव्हरवर माझ्याच वळणदार अक्षरात नाव, तुकडी, हजेरी क्रमांक. माय गेल्याला दोन वर्षं झाली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि पुस्तक तिनं जपून ठेवलं होतं लुगड्यांच्या खाली.

दुपारी बाहेर पाय ठेवण्यासारखं ऊन नव्हतंच. ओसरीत आडवा झालो आणि पहिल्या रात्रीपासून सुरुवात केली.

हे पुस्तक मी लहानपणी किती वेळा वाचलं असेल, सांगता येणार नाही. आम्हा अमळनेरकडच्या पोरांना साने गुरुजी आपलेच वाटायचे. प्रताप हायस्कूलमध्ये ते शिकवायला होते, पोरांच्या छात्रालयात राहायचे, त्यांची अंथरुणंसुद्धा आवरून ठेवायचे, हे आम्ही शाळेत इतक्यांदा ऐकलं होतं की श्यामचं गावही बोरी नदीच्या काठी कुठंतरी असेल असं मी धरून चाललो होतो. मग पुस्तकात फणस यायचा, साकव यायचा, समुद्र यायचा. साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. समुद्र पाहिला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पण पोहायला घाबरणारा श्याम मला चांगलाच कळायचा. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात इतकं खाली जायचं की वरून वाकून पाहिलं तरी पोटात गोळा यायचा.

१२ मे, सोमवार

आज एक गोष्ट लक्षात आली. लहानपणी मी प्रत्येक रात्रीचा सुरुवातीचा भाग गाळायचो. आश्रम, प्रार्थना, गोष्ट ऐकायला जमलेले मित्र, श्याम बोलण्याआधीचं ते सगळं. मला आई हवी असायची, म्हणून पानं उलटून मी थेट तिच्यापाशी जायचो. आता तेच भाग मी सावकाश वाचतो आहे. गोष्ट सांगणारा श्याम मोठा माणूस आहे आणि आई कधीच गेलेली आहे, हे तिथं पहिल्यापासून समोर आहे. लहानपणी शेवटच्या पानांवर आई गेली की मी रडायचो. आता पहिल्या रात्रीपासूनच ती नाही. जी दिसते ती त्याच्या बोलण्यातच.

गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू केलं आणि १३ तारखेच्या पहाटे संपवलं. दिवसा तुरुंगातलं काम, रात्री लेखन. तेव्हा त्यांचं वय तेहेतीस. मी आज सत्तेचाळीस. ज्यांना मी जन्मभर आजोबांच्या जागी पाहिलं, ते हे लिहिताना माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान होते. दुपारभर हा हिशेब डोक्यातून जाईना.

संध्याकाळी सावकाराच्या तगाद्याचा भाग वाचला. लहानपणी मला त्या वसुलीला आलेल्या माणसाचा संताप यायचा, आणि आई बोलली की छाती भरून यायची. श्यामच्या वडिलांकडे, भाऊंकडे, माझं लक्षच नसायचं. आज मी त्यांच्यापाशीच थांबलो. भाऊ वाईट नाहीत. मोठ्या घराची ऐट अंगात मुरलेली, हातात काही उरलेलं नाही, आणि दारात आलेल्या माणसापुढं मान वर होत नाही.

आमच्या बाबांवर कपाशीपायी कर्ज होतं. ज्या वर्षी बोंडअळीनं पीक खाल्लं, त्या वर्षी वसुलीला दोघंजण आले आणि ओट्यावर बसून चारचौघांत मोठ्यानं बोलले. बाबा तंबाखू मळत राहिले. मळून झालेली तंबाखू पुन्हा मळत राहिले. मी आठवीत होतो, खिडकीतून बघत होतो, आणि मला त्या माणसांची नाही, बाबांची लाज वाटली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घराच्या कर्जाचा हप्ता चुकला आणि बँकेतून पहिला फोन आला, तेव्हा माझाही आवाज असाच बसला होता. तरीसुद्धा बाबा आठवले नाहीत. आज भाऊंना वाचताना आठवले.

१३ मे, मंगळवार

अळणी भाजीची गोष्ट. ही मला तोंडपाठ होती. आई भाजीत मीठ घालायचं विसरते. वडील काही न बोलता जेवतात, म्हणून मुलंही बोलत नाहीत. मागून आई जेवायला बसते आणि तिला कळतं. शाळेत मी ही गोष्ट हावभावांसह सांगितली होती. अन्नाला नावं ठेवू नयेत, करणाऱ्याचं मन मोडू नये, असं शेवटी म्हणालो होतो.

आज वाचताना एका साध्या वाक्यावर अडकलो. आई मागून जेवायला बसते. ती सगळ्यांबरोबर बसली असती, तर ही गोष्टच झाली नसती. पहिल्याच घासाला ती मीठ घेऊन आली असती. भाऊंचं गप्प राहणं, मुलांचं शहाणपण, सगळं त्यावरच उभं आहे की घरातली बाई शेवटी जेवते.

आणि हे मनात येतंय तोच मायचा आवाज आठवला.

ही गोष्ट मी तिला वाचून दाखवली होती. रात्री लाइट गेलेली, चिमणी लावलेली, माय पुढ्यात सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. ती सुरुवातीला विचारायची, “काय वाची राहिना रे?” मग हात चालू ठेवूनच ऐकायची. मी घरात अहिराणीच बोलायचो, वाचायचो मात्र पुस्तकातली मराठी, एखादा शब्द तिला अडला तर सांगायचो. गोष्ट संपल्यावर मी वाट पाहत होतो की ती भाऊंचं कौतुक करेल. ती शेंगा फोडतच म्हणाली, “सर्वासना मांगे जेवनी ना ती, म्हनीसनी समजनं तिले.”

मला वाटलं, मायला गोष्ट नीट कळली नाही. मी तिला परत समजावून सांगितली. अकरा वर्षांचा मी, तात्पर्यासकट! तिनं मान हलवली, टरफलं एका बाजूला केली आणि पुढची वाच म्हणाली.

आमच्या घरात भरीत व्हायचं तेव्हा पहिली भाकरी बाबांना, मग आम्हा पोरांना. मायच्या ताटात भरीत होतं की नुसता ठेचा, हे मी कधी पाहिलं नाही. खरंच आठवत नाही. बाबांचं ताट आठवतं, कडेला कांदा, तळलेली मिरची. मायचं ताट डोळ्यांपुढं आणायला आज बराच वेळ बसलो, पण येत नाही. तिची पाठ तेवढी दिसते, चुलीकडं तोंड केलेली.

१४ मे, बुधवार

धाब्याचं काम आज झालं. गडी गेले. बायको आणि लेक दुपारच्या गाडीनं आल्या. रात्री शेवभाजी केली आणि तिघंही एकदमच बसलो. बायको भाकरी टाकायला उठायला लागली, तर मी तवा उतरवून ठेवला. ती म्हणाली, गार खाणार का? म्हटलं, हो.

अडतीस रात्री वाचून झाल्यात. शेवटच्या चार उरल्यात, त्या आज वाचवणार नाहीत. मला आईपर्यंत पोचायला उशीर झाला होता, श्यामलाही झाला होता, म्हणून त्या पानांना हात लावायला मन धजत नाही.

लेक सातवीत आहे. तिनं पुस्तक उघडलं, आत वास घेतला, आणि म्हणाली, पप्पा, मोठ्यानं वाचा ना. मी श्याम बोलायला लागतो तिथून सुरू करणार होतो. मग पान मागं उलटलं आणि आश्रमापासून, प्रार्थनेपासून सुरू केलं. दुसरी रात्र संपण्याआधीच तिला झोप लागली.