प्रिलिमनंतर दहावी ‘ब’च्या वर्गात

बसा रे बाळांनो. पेपर वाटून झालेत. कुणाला किती, ते शेजारच्याच्या पेपरात डोकावून बघू नका. वहीचं मागचं पान काढा.

काल मी विचारलं, बोर्डात किती पाडायचेत? सगळे म्हणालात, पंच्याहत्तर टक्के. चांगलं आहे, विशेष श्रेणी तिथूनच सुरू होते. पण टक्के पेपरात लिहिता येत नाहीत, तिथं मार्कच मिळवावे लागतात. म्हणून आधी टक्क्यांचे मार्क करू.

सहापैकी चांगले पाच विषय धरतात, म्हणजे 500 मार्क. त्याचे 75 टक्के 375. हा आकडा पानाच्या वर मोठा लिहा.

आता फळ्याकडे बघा. हा कुणा एकाचा निकाल नाही, उदाहरण म्हणून घेतलाय. प्रिलिम 80 ची होती, त्यात अंतर्गत आणि प्रात्यक्षिकाचे मार्क अंदाजानं मिळवलेत. मराठी 68, हिंदी 64, इंग्रजी 52, गणित 58, विज्ञान 66, समाजशास्त्र 71. सगळ्यात कमी इंग्रजी, ती बाजूला ठेवली. उरलेल्या पाचांची बेरीज 327. म्हणजे 375 वजा 327, कमी पडतात 48.

इंग्रजी बाजूला ठेवली म्हणजे सोडली नव्हे हं. पास तिच्यातही व्हायचंय.

अठ्ठेचाळीस ऐकून काहींचे चेहरे पडले. वाटून बघू. मराठीत 8, हिंदीत 6, विज्ञानात 12, समाजशास्त्रात 8. झाले 34. राहिले 14, ते गणितात. गणित 58 वरून 72 वर न्यायचं. अंतर्गतचे 18 धरले, तर लेखीत हवेत 54. आत्ता बीजगणितात 22 आणि भूमितीत 18, मिळून 40. म्हणजे प्रत्येक पेपरात फक्त 7 वाढवायचे.

आता ते सात शोधा. भूमितीचा पेपर उघडा. वर्तुळाची स्पर्शिका काढायची रचना कितीजणांनी सोडली? हात वर करा. बघा, निम्मा वर्ग. कंपास घेऊन रोज एक रचना काढली तर आठवड्यात हात बसतो. कृती पूर्ण करायच्या प्रश्नात अर्धं उत्तर छापलेलंच असतं, तरी चौकटी कोऱ्या. हे मार्क अवघड नव्हते, नुसते टाकून आलात.

वाटणी करताना एक तपासा. एखाद्या विषयात आधीच 90 असतील, तर तिथं आणखी 12 मागू नका, जागाच नाही. जिथं मार्क गेलेत तिथंच मागा.

ज्यांच्या घरी द्राक्षाची तोड सुरू आहे, त्यांना संध्याकाळी वेळ मिळत नाही, मला माहीत आहे. त्यांनी कमी विषय घ्या, पण आकडा ठरवून घ्या. आणि ज्यांना आत्ता कुठल्याही विषयात पास व्हायचीच काळजी आहे, त्यांनी मधल्या सुट्टीत पेपर घेऊन माझ्याकडे या. आपण बसून पस्तीसचं गणित मांडू.

चला, आपापली बेरीज करा. टोटल चुकली असेल तर आत्ताच सांगा, मी फिरतोय वर्गात.