घरच्या व्यायामाची नोंद: पहिल्या तीन महिन्यांचा एमव्हीपी

फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात, पेशंट घरी जातो आणि पुढच्या भेटीपर्यंत त्याने काय केलं हे कुणालाच नीट कळत नाही. तीन महिन्यांत आपल्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे: पहिला उत्साह ओसरल्यावरही पेशंट नोंद करतो का, आणि थेरपिस्ट ती उघडून पाहतात का? ज्या गोष्टीने हे उत्तर मिळायला मदत होत नाही ती कितीही चांगली असली तरी आत्ता करायची नाही.

काय बांधायचं

थेरपिस्ट पेशंटचा नंबर टाकतील, 20 तयार व्हिडिओंमधून व्यायाम निवडतील आणि प्रत्येक किती वेळा करायचा ते लिहितील. पेशंटला एसएमएसने लिंक जाईल. सगळं ब्राउझरमध्येच चालेल. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नुकत्याच घरी आलेल्या माणसाला ॲप डाउनलोड करा, पासवर्ड ठेवा, असं सांगितलं तर तो तिथेच सोडून देईल. रोज त्याने निवडलेल्या वेळी आठवण. लिंक उघडली की एकच स्क्रीन: व्हिडिओ, खाली ‘झालं’ हे मोठं बटण आणि वेदना 0 ते 10 मध्ये किती.

वेदना 7 किंवा जास्त नोंदवली तर पुढचा व्यायाम दिसणार नाही. ‘थांबा, थेरपिस्टशी बोला’ एवढं वाक्य आणि फोनचं बटण येईल. ही मर्यादा थेरपिस्टना प्रत्येक पेशंटसाठी बदलता येईल. आकड्यावरून व्यायाम आपोआप बदलायचा नाही, तो निर्णय थेरपिस्टचाच. इथे वेळ वाचवायला तडजोड नको. आरोग्याच्या माहितीसाठी स्पष्ट संमती आणि मागितल्यावर ती पुसण्याची सोय, हेही पहिल्या दिवसापासून.

थेरपिस्टच्या बाजूला फक्त यादी: कोणी केलं, कोणी नाही, कोणाची वेदना वाढली.

काय नाही

पेमेंट, चॅट, अपॉइंटमेंट, पीडीएफ रिपोर्ट. स्वतःचे व्हिडिओ अपलोड करू द्या, ही मागणी थेरपिस्टकडून नक्की येईल आणि ती रास्तही आहे. पण वेगवेगळे फॉरमॅट, कॉम्प्रेशन आणि स्टोरेज यांत दोन डेव्हलपरचे आठवडे जातील. आलेल्या मागण्या लिहून ठेवू.

वेळापत्रक

आठवडा 1 आणि 2: कोड नाही. तीन थेरपिस्ट, एक स्प्रेडशीट, आणि संदेश आपण हाताने पाठवायचे. इथेच कोणी उत्तर दिलं नाही तर पुढचं बांधकाम थांबवून आधी कारण शोधायचं.
आठवडा 3 ते 8: बांधणी. आठव्या आठवड्यानंतर नवं फीचर नाही, फक्त दुरुस्त्या.
आठवडा 9 ते 12: पायलट. 5 थेरपिस्ट, 40 पेशंट.

यश कशाला म्हणायचं

निम्म्या पेशंटनी पायलटच्या दुसऱ्या आठवड्यात किमान 4 दिवस नोंद करावी आणि पाचपैकी किमान तीन थेरपिस्टनी आठवड्यातून दोनदा यादी उघडावी. पेशंट नोंद करतात पण थेरपिस्ट पाहत नाहीत, असं झालं तर ते अपयशच धरायचं. हे आकडे पायलट सुरू झाल्यावर बदलायचे नाहीत.

हाताने पाठवायच्या संदेशांचा मजकूर शुक्रवारपर्यंत हवा आहे; सोमवारी पहिला संदेश जाईल.