मार्गदर्शनाच्या विनंतीस उत्तर

रत्नागिरी, १२ जून

प्रिय ओंकार,

सप्रेम नमस्कार.

तुमचे दोन पानी पत्र मागच्या आठवड्यात मिळाले. लातूर जिल्ह्यात सोयाबीन आणि तुरीवर काम करून आल्यावर गुहागर तालुक्यात एकदम हापूसच्या बागा सांभाळण्याची वेळ आली, आणि म्हणून येत्या हंगामात वर्षभर दर पंधरा दिवसांनी एक दिवस मी तुमच्याबरोबर बागांतून फिरावे, अशी विनंती तुम्ही केली आहे. ही विनंती मला मान्य करता येत नाही. उत्तर लांबवून तुम्हाला आशेवर ठेवणे योग्य नव्हे, म्हणून हे आधीच सांगते.

कारणे साधी आहेत. एप्रिलपासून माझ्याकडे दुसऱ्या तालुक्याचा अतिरिक्त कार्यभार आहे आणि तो मोहोराच्या आधी सुटेल असे वाटत नाही. आमच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या दोघांचे काम मीच पाहते. घरी आईच्या आजारपणामुळे रविवारही माझा उरलेला नाही. रत्नागिरीहून गुहागरला येऊन दोन बागा नीट पाहायच्या तर पूर्ण दिवस जातो, आणि असे महिन्याला दोन दिवस माझ्याजवळ खरोखरच नाहीत.

यावर तुम्ही कदाचित म्हणाल की प्रत्यक्ष येणे जमत नसेल तर फोनवर तरी मार्गदर्शन करा. तेही मी नाकारते आहे. तीन वर्षांपूर्वी एका तरुण सहकाऱ्याला मी असाच होकार दिला होता. त्याने जानेवारीत काळ्या पडलेल्या मोहोराचे छायाचित्र पाठवले, मी एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीला जाताना ते पाहिले आणि करपा असावा असे कळवून मोकळी झाले. प्रत्यक्षात तो तुडतुड्यांचा प्रादुर्भाव होता. पानांवर आणि मोहोरावर पडलेल्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढली होती. समोर उभी असते तर मोहोराची दांडी हलवून उडणारे तुडतुडे मी दोन मिनिटांत पाहिले असते. बुरशीनाशकाची फवारणी वाया गेली, आठ दिवस हातचे गेले, आणि बागायतदाराला तोंड त्या बिचाऱ्याला द्यावे लागले. चूक माझी होती. तेव्हापासून ज्या बागेत मी उभी राहू शकत नाही, तिच्याविषयी नियमित सल्ला द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे.

आता माझ्याकडून देता येण्यासारखे जे आहे ते सांगते.

या पत्रासोबत माझ्या नोंदवह्यांच्या मागील सहा वर्षांच्या प्रती पाठवत आहे. चार बागांत पालवी कधी आली, मोहोर किती टप्प्यांत फुटला, कणी कधी धरली, फवारणी कोणत्या तारखेला झाली आणि तिचा गुण आला की नाही, हे त्यांत आहे. अक्षर वाईट आहे, त्याबद्दल क्षमा असावी. त्या वाचताना एक गोष्ट लक्षात येईल: पाऊस लांबला की पालवी पुन्हा येते आणि मोहोर पुढे जातो, त्यामुळे तारखा पाठ करून काहीच साधत नाही. झाडाची अवस्था पाहावी लागते. काही महिन्यांत पेरणी ते काढणी पाहण्याची सवय असलेल्याला हे सुरुवातीला जड जाते, परंतु शेंगेवरची अळी शोधणारी तुमची नजर इथेही तितकीच कामाला येईल.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी आणि आंबा मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक ही दोन्ही चालू वर्षाचीच मिळवा, कारण शिफारशी बदलतात आणि जुनी छापील पाने कार्यालयांतून वर्षानुवर्षे फिरत राहतात. पहिली फवारणी मोहोर येण्यापूर्वी पालवीवर का करायची, याचे उत्तर वेळापत्रकात नुसते वाचून समजत नाही. कोवळ्या पालवीवर तुडतुडे कसे बसतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा स्वतः पाहा. एखादे औषध आंब्यावर वापरण्यास नोंदणीकृत आहे की नाही, हे दुकानदाराला विचारू नका, ppqs.gov.in या संकेतस्थळावरील यादीत तपासा. ज्यांचा माल परदेशी जातो अशा बागायतदारांच्या बाबतीत तर काढणीपूर्वीच्या प्रतीक्षाकाळासह हे तपासल्याशिवाय तोंडी शिफारससुद्धा करू नये. हवामानाधारित कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो नियमाने वाचा.

तुमच्यापुढचे पहिले काम कल्टारचे आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहिते. कल्टार, म्हणजे नियमित मोहोरासाठी देतात ते पॅक्लोब्युट्राझोल, देण्याचा काळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. मात्रा झाडाच्या वयावर नव्हे, विस्तारावर ठरते. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोन्ही बाजूंनी व्यास मोजून सरासरी काढायची आणि दर मीटरला ३ मिलि कल्टार, म्हणजे ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, असा हिशोब धरायचा. आठ मीटर विस्ताराच्या झाडाला २४ मिलि. अनेक ठिकाणी अंदाजाने ओततात आणि मग झाड दमले की औषधालाच दोष देतात. तुम्ही टेप घेऊन जा. लोक हसतील, हसू द्यावे. झाडाखालचे तण आधी काढून घ्यावे, आणि आजारी किंवा अशक्त झाडाला कल्टार देऊ नये.

कागदांपेक्षाही उपयोगी पडेल असे एक माणूस तुमच्याच तालुक्यात आहे. तेथील एका ज्येष्ठ बागायतदारांशी मी काल बोलले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते स्वतःची बाग पाहतात आणि त्यांनी तुम्हाला आनंदाने येऊ द्यायचे कबूल केले आहे. त्यांचा क्रमांक फोनवर देते. सल्ला द्यायला म्हणून नव्हे, बघायला म्हणून जा, आणि त्यांच्या राखणदाराशीही बोला. रात्री बागेत असणाऱ्याला पुष्कळ गोष्टी आपल्याआधी कळतात. काका चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, तेव्हा वेळ काढूनच निघा.

नियमित मार्गदर्शनासाठी चिपळूणच्या आपल्या एका सहकाऱ्यांना मी विचारले आहे. त्यांनी होकार दिलेला नाही, पण गौरी-गणपतीनंतर तुम्ही स्वतः फोन करावा असे म्हणाले आहेत. करावा. महिन्यातून एक भेट एवढीच मागणी ठेवलीत, तर ते मान्य करतील असा माझा अंदाज आहे.

माझ्याकडून एकच गोष्ट नक्की धरा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या निरीक्षणांतून उरलेले प्रश्न एका पानावर लिहून पाठवा, मी त्याच महिन्यात लेखी उत्तर देईन. त्याहून अधिक कबूल करत नाही.

नोंदवह्यांच्या प्रती मिळाल्याचे कळवावे. तिसऱ्या वहीची मधली चार पाने पावसात भिजलेली आहेत, ती वाचता आली नाहीत तर सांगा, मूळ वही पाहून पुन्हा लिहून पाठवते.

आपली,
मृणाल